पन्नास रुपयाचं ताट आणि पंधरा हजार सहाशेचा टॅक्स

जानेवारी आला की आमच्यासारख्या पगारपत्रक करणाऱ्यांच्या टेबलावर प्रूफचा ढीग पडतो. भाड्याच्या पावत्या, एलआयसीच्या पावत्या, पोरांच्या शाळेच्या फीच्या पावत्या, आणि त्या प्रत्येक पावतीमागं एक माणूस उभा, "सर बघा की जरा, टॅक्स किती बसायला ते." मी वाळूज एमआयडीसीतल्या तीन-चार छोट्या कंपन्यांचं पेरोल बघतो. कंपन्या म्हणजे पंचवीस-तीस ते साठ-सत्तर माणसांच्या, मोठ्या कारखान्यांना पार्ट पुरवणाऱ्या. तर यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या शीटा काढताना एका सिनियर माणसाच्या शीटवर मी अडकलो, आणि अडकलो ते जेवणाच्या कूपनावर. त्यावरूनच हे लिहायला बसलोय, कारण "कूपन टॅक्स-फ्री असतंय, कॅशवर टॅक्स बसतो, म्हणून कूपन घ्या" हे वाक्य आमच्याकडं एचआरपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे म्हणतात, आणि आता बहुतेकांच्या बाबतीत ते खोटं झालंय.

आधी त्या माणसाचीच गोष्ट सांगतो. मेंटेनन्समधे आहे, पंधरा-सोळा वर्षं झाली, वर्षाचा एकूण पगार १२,९०,००० रुपये. मागच्या एप्रिलमधे डिक्लेरेशन भरताना त्यानं न्यू रिजीम, म्हणजे दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत ती नवी करप्रणाली निवडली, आणि ती बरोबरच निवडली, कारण त्याचं घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, भाडं नाही. त्याच फॉर्मवर खाली एक रकाना होता, मील कूपन हवंय का, महिना २,२०० रुपये, कार्डवर येतील, स्पेशल अलाउन्समधून तेवढे कमी होतील. त्यानं हिशोब केला. बजेटमधे सांगितलं होतं की बारा लाखांपर्यंत टॅक्स शून्य, पगारदाराला वर ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगार १२,७५,००० पर्यंत असला की काहीच नाही. आपला पगार १५,००० नं जास्त आहे. कूपनचे वर्षाला २६,४०० होतात, ते टॅक्स-फ्री, म्हणजे आपण आरामात खाली आलो. १२,९०,००० मधून २६,४०० गेले, ७५,००० गेले, राहिले ११,८८,६००. टॅक्स शून्य. डोकं चालवलं म्हणायचं! मला खरंच कौतुक वाटलं त्या हिशोबाचं, कारण एवढा विचार करून डिक्लेरेशन भरणारी माणसं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी.

फक्त एक गोष्ट राहिली. २०२५-२६ च्या नियमांत न्यू रिजीममधे कूपन टॅक्स-फ्री नाही.

नसण्याचं कारण आयकर नियमावलीतल्या तिसऱ्या नियमात आहे. मालकानं कामगाराला फुकट खाऊपिऊ घातलं तर तो पगाराचाच भाग धरायचा, ही मूळ गोष्ट. त्याला सूट अशी की कामाच्या वेळेत, कंपनीच्या आवारात जेवण दिलं, किंवा असं कूपन दिलं की जे दुसऱ्याला देता येत नाही आणि फक्त खाण्याच्या ठिकाणीच चालतं, तर एका जेवणामागं ५० रुपयांपर्यंत पगारात धरायचं नाही. चहा-नाश्त्याचं तर काहीच धरायचं नाही. इथपर्यंत कँटीन आणि कूपन दोघं मांडीला मांडी लावून बसलेले. मग नवी करप्रणाली आली, आणि जून २०२० मधे सरकारनं ह्याच नियमाला एक ओळ जोडली, की जो माणूस न्यू रिजीममधे जाईल त्याला कूपनची सूट मिळणार नाही. ओळ फक्त कूपनबद्दल आहे. कँटीनच्या जेवणाबद्दल त्यात अवाक्षर नाही, त्यामुळं कँटीनची सूट न्यू रिजीममधेही जशीच्या तशी चालू आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिच्यावरच माझं भांडण आहे.

तर त्या माणसाचं खरं उत्पन्न धरायचं १२,९०,००० वजा ७५,००० म्हणजे १२,१५,०००. बारा लाखांच्या वर १५,००० गेले. स्लॅबप्रमाणं टॅक्स होतो ६२,२५०, पण बारा लाखांच्या जरा वर असणाऱ्यांसाठी सवलत अशी आहे की जेवढं उत्पन्न बारा लाखांच्या वर त्यापेक्षा टॅक्स जास्त घ्यायचा नाही. म्हणजे १५,०००, त्यावर चार टक्के सेस ६००, एकूण १५,६००. एप्रिल ते डिसेंबर सॉफ्टवेअरनं कूपन सूट धरून त्याचा टीडीएस शून्य दाखवला होता. माझीही चूक आहेच, शीट प्रत्येक महिन्याला माझ्या नजरेखालून जात होती. आता उरले तीन महिने, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, म्हणजे महिन्याला ५,२०० कापायचे. त्याला बोलावून सांगितलं तर तो काही वेळ नुसता कागदाकडं बघत राहिला आणि मग म्हणला, "सर, म्हणजे मी कूपन घेतलंच नसतं तर?"

कूपन घेतलंच नसतं तरी टॅक्स तेवढाच बसला असता, १५,६००. हेच सांगताना मला जड गेलं. न्यू रिजीममधे कूपन घ्या नाहीतर कॅश घ्या, टॅक्सच्या दृष्टीनं दोन्ही एकच. फरक एवढाच की कॅशचे २,२०० खात्यात आले असते आणि त्यातून त्यानं पोरीच्या क्लासची फी भरली असती, गावाकडं पाठवले असते, काहीही केलं असतं. कूपनचे २,२०० कार्डात अडकले, आणि त्या अडकलेल्या पैशावरचा टॅक्स मात्र कॅश पगारातून कापला जातो. कार्डातून टीडीएस कापता येत नाही ना. म्हणजे टॅक्स रोखीत द्या आणि पैसा खा-प्याच्या दुकानापुरता ठेवा. ह्याला टॅक्स-फ्री म्हणायचं धाडस एचआरच्या पत्रकातच होऊ शकतं.

ह्यापेक्षा कमी पगाराच्या माणसाचं तर आणखी सोपं आहे. मराठवाड्यात किती जणांचा पगार १२,७५,००० च्या वर आहे? वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा पालथं घाला, लातूर-नांदेडची ऑफिसं बघा, आपल्या माहितीतली माणसं मोजा. बहुतेक सगळे खालीच. त्यांना न्यू रिजीममधे टॅक्स शून्य. कूपन घेतलं तरी शून्य, कॅश घेतली तरी शून्य. शून्यातून काय वाचवणार? अशा माणसानं कूपन घेणं म्हणजे स्वतःच्याच पैशाला कुलूप लावून किल्ली तिसऱ्याकडं देणं.

पण लोक घेतात, आणि त्यातले काही जण तर कूपनसाठी ओल्ड रिजीममधे थांबतात. मला हे खोटं वाटायचं, पण यंदाच माझ्यासमोर असं प्रकरण आलं. पगार ९,६०,०००. गडी ओल्ड रिजीममधे. का बाबा, तर "कूपनचा फायदा जातो म्हणले न्यूमधे." बरोबर आहे, जातो. पण किती जातो ते बघू. ओल्डमधे त्याचं स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, पीएफ-एलआयसी मिळून ८०सी चे पूर्ण दीड लाख. राहिले ७,५७,५००. त्यावर टॅक्स सेससकट ६६,५६०. कूपनचे २६,४०० वजा केले की टॅक्स साधारण ६१,०६९. कूपननं वाचवले ५,४९१ रुपये, आणि ते वाचवण्यासाठी हा माणूस एकसष्ट हजार भरायला निघालाय, जिथं न्यू रिजीममधे त्याला एक रुपया बसत नाही. मी त्याला म्हणलं, अरे म्हशीच्या दोरीसाठी म्हैस विकायलास तू. तो पण हसला, पण त्याचा दोष नाही. त्याला कुणीतरी कूपनचा फायदा सांगितला आणि रिजीमचा हिशोब सांगितलाच नाही. सुदैवानं नोकरदाराला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, रिटर्न मुदतीत भरताना रिजीम बदलता येते, त्यामुळं त्याचे पैसे रिफंडला येतील. पण तिथंही एक खड्डा आहे. त्याच्या फॉर्म १६ मधे कंपनीनं ओल्ड धरून कूपन पगारातून वगळलेलं असणार. तो जुलैमधे न्यूवर गेला की ते २६,४०० त्यानं स्वतः उत्पन्नात परत मिळवायचे आहेत. ह्याच्या बाबतीत मिळवले तरी टॅक्स शून्यच राहतो. पण बारा लाखांच्या काठावरचा कुणी असेल आणि त्यानं न मिळवता रिटर्न भरलं, तर त्यानं नसलेली सूट घेतली असं होतं.

आपल्या शीटमधे काय धरलंय ते ओळखायचं कसं, हे एका मिनिटात सांगतो. पेरोल पोर्टलवर टॅक्सची शीट उघडा. वर रिजीम लिहिलेली असते. ती न्यू असेल आणि तुम्ही कूपन घेत असाल, तर कूपनची रक्कम पर्क्विझिट म्हणून, म्हणजे कलम १७(२) च्या ओळीत, मिळवलेली दिसली पाहिजे. ती ओळ शून्य असेल आणि एकूण पगार तुमच्या ठरलेल्या पगारापेक्षा बरोब्बर कूपनाएवढा कमी असेल, तर समजायचं की गडबड आहे आणि आजच पेरोलवाल्याला गाठायचं. मार्चपर्यंत थांबलात तर सगळी कपात एकाच पगारातून होईल आणि मग होळीला घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता ओल्ड रिजीममधे खरोखर ज्यांचं भलं होतं ते लोक आहेत का? आहेत. घरकर्जाचं व्याज, भाडं, आईवडिलांचा मेडिक्लेम असं सगळं मिळून ज्यांना ओल्डच स्वस्त पडते, असे जास्त पगाराचे लोक. तीस टक्क्यांत असतील तर २६,४०० वर सेससकट सव्वाआठ हजारांच्या आसपास वाचतात. वीस टक्क्यांत असतील तर वर सांगितलेले ५,४९१, म्हणजे महिन्याला साधारण ४५८ रुपये. हा ४५८ चा आकडा मी सगळ्यांना सांगतो, कारण खरा सौदा तोच आहे. महिन्याच्या २,२०० मधले ४५८ पेक्षा जास्त रुपये जर तुम्ही कार्डवर आहेत म्हणूनच खर्च केले, एरवी केले नसते, किंवा ते तसेच पडून मुदत संपून गेले, तर तुमचा टॅक्स वाचून काही उपयोग झाला नाही.

आणि आपल्याकडं हे घडतं. पुण्या-मुंबईच्या आयटी पार्कमधे फूड कोर्टात प्रत्येक काउंटरवर कार्ड चालत असेल, बजाजनगरच्या मेसमधे काय चालतं? तिथं मावशी सकाळी सातला डबे भरत असतात, दोन पोळ्या, एक भाजी, वरण-भात, कधी ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेला. कॅश नाहीतर यूपीआय. कार्डचं मशीन कुणी ठेवत नाही. मग कार्डचे पैसे जातात कुठं? जिथं कार्ड चालतं तिथं, म्हणजे शहरातल्या एसीच्या हॉटेलात रविवारी, नाहीतर मोबाईलवरून मागवलेल्या जेवणात, जिथं ताटापेक्षा पोचवायचा खर्च डोळ्यात भरतो. जो माणूस रोज ९० रुपयांचा डबा खातो तो डब्याचे पैसे खिशातून देतो आणि कार्डचे पैसे संपवायला महिन्यातून दोनदा पिझ्झा मागवतो. पोरं खुश होतात ती वेगळी गोष्ट.

मला कागदी कूपनांचा जमाना आठवतो. चेकबुकासारखं बुक यायचं, लोक त्याला सरसकट सोडेक्सोच म्हणायचे, कंपनी कुठलीही असो. दिवाळीच्या आधी ही बुकं घेऊन लोक मॉलला जायचे आणि तुरीची डाळ, तेलाचा डबा, साबण सुद्धा आणायचे. कायद्यात लिहिलंय फक्त खाण्याच्या ठिकाणी आणि दुसऱ्याला न देता येणारं. प्रत्यक्षात बुक मेव्हण्याच्या खिशात असायचं. रिझर्व्ह बँकेनं ही कागदी कूपनं २०१७ च्या डिसेंबरअखेर बंद केली आणि सगळं कार्डवर आलं, तेव्हापासून ते बरंचसं आवरलं. पण एक बघा, लोकांनी त्या कूपनाचं जे केलं, तेल-डाळ आणली, तेच दाखवत होतं की त्यांना कूपन नको होतं, कॅशच हवी होती. कूपनाची कॅश करायला माणूस एवढी युक्ती लढवतो तेव्हा सरळ कॅश का देऊ नये?

आणखी एक गोष्ट जी कुणी विचारत नाही. हे २,२०० आले कुठून? ५० रुपये, दिवसाला दोन जेवणं, महिन्याला २२ दिवस. पण नियमात दोन जेवणं लिहिलेली नाहीत, २२ दिवसही नाहीत, फक्त जेवणामागं ५० आहे. बाकी सगळं पेरोलवाल्यांच्या वहिवाटीतून आलंय. आमच्याकडं आठवड्याला एकच सुट्टी, महिन्याचे २६ दिवस काम, तरी सॉफ्टवेअरमधे २२ च. आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहाच्या जनरल शिफ्टमधे दोन जेवणं कोण जेवतं मला सांगा. एक जेवण आणि दोन चहा. कडक वाचलं तर ५० गुणिले २२, महिन्याचे ११०० च निघतात. कुणी अधिकाऱ्यानं हे उकरलं तर उत्तर कंपनीला द्यावं लागेल, कारण टीडीएस बरोबर कापायची जबाबदारी तिची आहे. आजवर माझ्या टेबलापर्यंत तशी विचारणा आलेली नाही, पण म्हणून ते पक्कं आहे असं मी कुणाला सांगत नाही.

बरं, त्या ५० रुपयांचं काय? २००९ च्या डिसेंबरमधे हे नियम नव्यानं निघाले तेव्हाही आकडा ५० च होता. त्या वेळी पन्नासमधे चांगलं ताट मिळायचं. आज वाळूजला साधं ताट शंभराच्या खाली मिळत नाही, डबा ९० चा. महागाई सगळ्यांना दिसते, नियमाला २०२५-२६ पर्यंत दिसली नाही. पण मी म्हणेन की ५० चे २०० केले तरी माझा मूळ मुद्दा तसाच राहतो, उलट वाढतो, कारण जोपर्यंत ती कूपनची ओळ आहे तोपर्यंत वाढलेली सूट न्यू रिजीमवाल्याला कूपनात मिळणारच नाही.

आता माझ्या भांडणाकडं येतो. माझा भाचा शेंद्र्याला एका मोठ्या कारखान्यात आहे. तिथं कँटीन आहे, फॅक्टरी अ‍ॅक्टच्या ४६ व्या कलमात २५० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन ठेवायला लावायची तरतूदच होती, त्यामुळं मोठ्या कारखान्यांत ती पहिल्यापासून असते. भाचा नाममात्र पैशात जेवतो. न्यू रिजीममधे आहे. त्याच्या जेवणातला ५० रुपयांपर्यंतचा भाग टॅक्समधे धरला जात नाही, आणि त्याला हे माहीतसुद्धा नाही. मी त्याला सांगितलं तर म्हणला, "मामा, मी तर कधी फॉर्मच भरला नाही त्याचा." भरायची गरजच नाही. आणि माझा तो मेंटेनन्सवाला, साठ माणसांच्या कंपनीत, जिथं कँटीन ठेवणं परवडत नाही म्हणून मालकानं कूपन दिलं, त्याचं तेच वरण-भाताचं जेवण टॅक्समधे धरलं जातं. भाचा कारखान्याच्या भिंतीच्या आत जेवतो म्हणून सूट, हा भिंतीच्या बाहेर जेवतो म्हणून नाही. ह्यात कुठला न्याय आहे?

सरकारची बाजू मला समजते. न्यू रिजीमचा सगळा विचारच असा की दर कमी करू, पण सवलती-वजावटींचं जंजाळ काढून टाकू. कूपन हे पगाराचंच दुसरं रूप आहे, स्पेशल अलाउन्समधून काढून कार्डवर टाकलेलं, मग त्याला सूट का द्यायची. बरोबर आहे, मी तर म्हणतो अगदी बरोबर आहे. कँटीनचं जेवण मात्र पगाराऐवजी दिलेलं नसतं, ते कामाच्या सोयीसाठी असतं, कुणी किती जेवलं ह्याचा हिशोब ठेवणं अवघड, असाही युक्तिवाद होऊ शकतो. पण हा युक्तिवाद मोठ्या कारखान्यापुरता खरा आहे. छोट्या कंपनीला सोय करायची तर कूपनशिवाय तिच्या हातात काय आहे? ज्याची कंपनी मोठी त्याचं जेवण सोय, आणि ज्याची कंपनी छोटी त्याचं जेवण उत्पन्न, हे मला पटत नाही. आणि कंत्राटी पोरं तर ह्या सगळ्याच्या बाहेरच, त्यांना ना कूपन ना सूट, कुठं कँटीनमधे जागा मिळाली तर मिळाली.

माझं मत सांगतो, कुणाला पटो न पटो. न्यू रिजीममधे एकतर दोघांना सूट द्या किंवा दोघांची काढा. मला विचाराल तर दोन्हीकडं एका दिवसाला एका जेवणाची सूट ठेवावी, आणि ती कॅशमधे जेवणभत्ता म्हणून दिली तरी मिळावी, म्हणजे कार्डवाल्या मधल्या कंपन्यांची गरजच राहणार नाही आणि मावशींचा डबा आणि एसीचं हॉटेल एका रांगेत येतील. कुणी म्हणेल मग सगळेच भत्ता दाखवतील. दाखवू देत, मर्यादा ठरलेली आहे, कामाचे दिवस हजेरीपत्रकात आहेत, ह्यात लपवण्यासारखं काय आहे? आणि ह्यासाठी बजेटच्या भाषणाचीही गरज नाही. हा आकडा आणि ती ओळ कायद्यात नाही, नियमात आहे, म्हणजे एका अधिसूचनेनं बदलता येते. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू, त्याचे नियमही नवे, तर ही वेळ चांगली आहे.

तोपर्यंत छोट्या कंपन्यांना एक रस्ता मात्र आहे, आणि तो मी त्या मेंटेनन्सवाल्याच्या मालकाला सांगितला. नियम म्हणतो कामाच्या वेळेत, कंपनीच्या आवारात दिलेलं जेवण. तिथं चूल पेटली पाहिजे असं म्हणत नाही. म्हणजे मेसवाल्या मावशींकडून रोज डबे कंपनीत मागवा, बिल कंपनीच्या नावानं घ्या, डबा ९० चा असेल तर ४० कामगाराकडून घ्या आणि ५० कंपनीनं भरा, आणि हवं तर तेवढा स्पेशल अलाउन्स एप्रिलपासून कमी करा. २६ दिवस, एक जेवण, वर्षाचे १५,६०० होतात. योगायोग बघा, त्याचा टॅक्स जेवढा निघाला तेवढाच हा आकडा. पण हे १५,६०० न्यू रिजीममधेही सुटतात. त्याच पगारातून हे गेले असते तर त्याचं उत्पन्न ११,९९,४०० झालं असतं आणि टॅक्स शून्य. कूपनचे २६,४०० जे करू शकले नाहीत ते डब्याच्या १५,६०० नी केलं असतं. मालकानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते डबे मोजायला माणूस कुठून आणू?" बघू म्हणाले. मालकांचं बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरा रस्ता एनपीएसचा होता. कंपनीमार्फत भरलेलं एनपीएस, बेसिकच्या चौदा टक्क्यांपर्यंत, न्यू रिजीममधेही वजा होतं. तीन महिने ५,००० रुपये पगारातून तिकडं वळवले असते तर १५,००० खाली येऊन हिशोब बरोब्बर बारा लाखांवर बसला असता, आणि महिन्याला ५,२०० टॅक्समधे जाण्याऐवजी ५,००० स्वतःच्याच म्हातारपणासाठी राहिले असते. पण कंपनीनं एनपीएसची नोंदणीच केलेली नव्हती आणि जानेवारीत धावपळ करून ते जमलं नाही. आता अर्ज तयार ठेवलाय.

जानेवारीच्या पगारातून त्याचे पहिले ५,२०० कापले. पगाराच्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला, काही बोलला नाही, नव्या वर्षाच्या डिक्लेरेशनचा कोरा फॉर्म मागितला. मी म्हणलं अजून एप्रिल लांब आहे. तर म्हणला द्या तर खरं, आणि उभ्या उभ्या फक्त कूपनच्या रकान्यात शून्य लिहून फॉर्म माझ्याकडंच ठेवायला दिला. मग खिशातून ते कार्ड काढलं. त्यावर सहा हजार नऊशे पडून होते. "सर, ह्याचं काय करू?" म्हणला. आता दर शनिवारी आम्ही दोघं आणि स्टोअरचा पोरगा शहरात जातो, जिथं कार्ड चालतं तिथं नान खलिया खातो, आणि मावशींना फोन करून सांगतो की आज तीन डबे कमी करा.